खप शांत, ऑर्डरी वादळी

इटलीत पास्त्याचा खप हवामानासारखा बदलत नाही. सोमवारी जेवढी कुटुंबे स्पॅगेटी उकडतात, साधारण तेवढीच पुढच्या सोमवारीही उकडतात. सणावारी थोडे जास्त, ऑगस्टच्या सुट्टीत थोडे कमी, एवढाच काय तो फरक. असे असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस पार्मा शहरातल्या बारिला या कंपनीत वितरकांकडून येणाऱ्या ऑर्डरी पाहिल्या, तर अख्खा देश एका आठवड्यात पास्त्यावर तुटून पडतो आणि दुसऱ्या आठवड्यात उपास करतो, असेच वाटावे.

बारिला ही लहानसहान कंपनी नव्हती. पिएत्रो बारिला यांनी १८७७ मध्ये पार्म्यात काढलेल्या पाव आणि पास्त्याच्या दुकानातून ती वाढली आणि १९९० च्या सुमारास जगातली सर्वांत मोठी पास्ता उत्पादक झाली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या जेनिस हॅमंड यांनी १९९४ मध्ये तिच्यावर एक केस-स्टडी लिहिली. ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या वर्गात ती आजही शिकवली जाते. त्या लेखात एका वितरकाच्या एकाच गोदामाकडून येणाऱ्या साप्ताहिक ऑर्डरींचा आलेख आहे. सरासरी ऑर्डर सुमारे ३०० क्विंटलची आणि प्रमाण विचलन २२७ क्विंटलचे. म्हणजे सरासरीपासून दोनअडीचशे क्विंटल इकडेतिकडे होणे ही तिथली रोजची गोष्ट होती. एखाद्या आठवड्यात ऑर्डर जवळजवळ शून्यावर यायची, एखाद्या आठवड्यात सरासरीच्या दुप्पट-तिप्पट व्हायची. त्या गोदामातून दुकानांकडे जाणारा माल मात्र यापेक्षा कितीतरी संथ गतीने, सारख्या प्रमाणात जात होता.

ग्राहकापासून जसजसे मागे, कारखान्याच्या दिशेने जावे, तसतसा ऑर्डरींचा चढउतार वाढत जातो, या घटनेला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. हे नाव प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतल्या अधिकाऱ्यांनी रूढ केले. मनगटाच्या छोट्याशा हालचालीने चाबकाचे टोक मोठा झोका घेते, ते चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ‘पॅम्पर्स’ या लंगोटांच्या ऑर्डरी तपासताना त्यांना दिसले की, बाळांची गरज जवळपास स्थिर, दुकानांतली विक्री थोडीशी हलणारी, वितरकांच्या ऑर्डरी मात्र बऱ्याच हलणाऱ्या आणि कंपनी स्वतः कच्च्या मालासाठी पुरवठादारांना देत असलेल्या ऑर्डरी त्याहूनही जास्त हेलकावणाऱ्या आहेत.

बारिलाला या हेलकाव्यांची किंमत विशेष मोजावी लागत होती आणि त्याचे कारण पास्ता तयार करण्याच्या पद्धतीत आहे. कणीक साच्यातून दाबून आकार दिला, की पास्ता बोगद्यासारख्या लांब भट्टीतून सावकाश वाळवत नेतात. प्रत्येक आकाराला, प्रत्येक जाडीला तापमान आणि आर्द्रता वेगळी लागते. म्हणून उत्पादनाचा क्रम असा लावलेला असतो, की एका आकारावरून दुसऱ्या आकारावर जाताना भट्टीत कमीत कमी बदल करावा लागेल. हा क्रम मध्येच मोडून ‘उद्या अमुक आकार हवा’ म्हणणे फार महागात पडते. वाळवलेल्या पास्त्याचेच दोनशेच्या आसपास आकार आणि मापे होती. बिस्किटे, ब्रेडस्टिक धरून कोरड्या मालाचे प्रकार आठशेच्या घरात जात. एवढ्या प्रकारांपैकी कशाची ऑर्डर कधी उसळेल हे कळत नसल्याने बारिलासमोर दोनच वाटा उरत. एक तर प्रत्येक प्रकाराचा भरपूर साठा ठेवायचा, नाहीतर वितरकाला ‘माल नाही’ सांगायचे. प्रत्यक्षात दोन्ही घडत होते. कंपनीच्या मध्यवर्ती गोदामांत सुमारे महिनाभराचा आणि वितरकांकडे दोनेक आठवड्यांचा साठा असे, तरीही नेमका हवा तो प्रकार अनेकदा संपलेला असे.

साठा अमाप आणि तरीही टंचाई, हे लक्षण ज्या साखळीत दिसेल तिथे बुलव्हिपचा संशय घ्यावा.

आता हा हेलकावा येतो कुठून, ते पाहू. पहिली शंका साहजिकच वितरकाच्या हुशारीवर घेतली जाते. त्याला अंदाज बांधता येत नाही, तो घाबरतो, तो हावरट आहे, असे कारखान्यातले लोक म्हणतात. पण चढउतार निर्माण व्हायला कोणी मूर्ख असण्याची गरज नाही. एक छोटे गणित करून पाहिले, की हे पटते.

समजा, एक दुकान दर आठवड्याला १०० पेट्या विकते. दुकानदाराचा नियम अगदी समंजस आहे. मागच्या चार आठवड्यांच्या विक्रीची सरासरी हा त्याचा अंदाज आणि त्या अंदाजाच्या तिप्पट माल आपल्या हातात व वाटेत मिळून असावा, हे त्याचे लक्ष्य. माल यायला वेळ लागतो, म्हणून तीन आठवड्यांची बेगमी. एरवी तो दर आठवड्याला जेवढे विकले तेवढेच मागवतो, म्हणजे १०० पेट्या. लक्ष्य ३०० वर स्थिर असते.

एका आठवड्यात १२० पेट्या खपतात. पुढे विक्री परत १०० वर येते आणि तिथेच राहते. एवढाच धक्का.

त्या आठवड्यात दुकानदाराची सरासरी १०५ होते आणि लक्ष्य ३०० वरून ३१५ वर जाते. त्याला विकलेल्या १२० पेट्या भरून काढायच्या आहेत आणि वाढलेल्या लक्ष्यासाठी आणखी १५ हव्या आहेत. तो १३५ पेट्या मागवतो. पुढचे तीन आठवडे सरासरी १०५ च राहते, म्हणून ऑर्डर १०० ची. त्यानंतरच्या आठवड्यात तो १२० चा आकडा चार आठवड्यांच्या खिडकीतून बाहेर पडतो, सरासरी पुन्हा १०० होते, लक्ष्य १५ ने घटते आणि ऑर्डर ८५ वर येते. म्हणजे ग्राहकाने फक्त एकदा २० पेट्या जास्त नेल्या होत्या, पण वितरकाला आधी ३५ ची उसळी आणि मग १५ ची घसरण दिसली.

वितरकही हाच नियम पाळतो, पण त्याला दिसतात त्या दुकानदाराच्या ऑर्डरी. १३५ चा आकडा आल्यावर त्याची सरासरी १०८.७५ होते, लक्ष्य २६ पेट्यांनी वाढते आणि तो कारखान्याकडे १६१ पेट्यांची ऑर्डर पाठवतो. चार आठवड्यांनी त्याच्या खिडकीतून १३५ बाहेर जातो आणि ८५ आत येतो. सरासरी ९६.२५ वर उतरते, लक्ष्य ३७ पेट्यांनी कमी होते आणि तो कारखान्याकडे जेमतेम ४७ पेट्या मागवतो. आणखी चार आठवड्यांनी ८५ चा आकडाही निघून जातो आणि १११ पेट्यांची एक किरकोळ उसळी येते. कारखान्याने पाहिलेला क्रम असा : १६१, मग तीन आठवडे १००, मग ४७, पुन्हा तीन आठवडे १००, मग १११. कारखान्याच्या व्यवस्थापकाने पहिल्या आठवड्यात ओव्हरटाइम लावला असेल आणि पाचव्या आठवड्यात निम्मे यंत्र बंद ठेवले असेल. ग्राहकाने मात्र त्या पाचव्या आठवड्यात नेहमीच्या १०० पेट्याच नेल्या होत्या.

या गणितात एक सुंदर ताळा आहे, तो विद्यार्थ्यांनी जरूर करून पाहावा. दुकानदाराची जास्तीची आणि कमीची मागणी एकत्र केली तर ३५ वजा १५, म्हणजे २० उरतात. वितरकाची सगळी बेरीज-वजाबाकी केली तरी अपूर्णांकांसह २० च उरतात. मालाची एकूण गरज कुठेही वाढलेली नाही. वाढला तो फक्त हेलकावा. तो अंदाज आणि बेगमी या दोन गोष्टींच्या गुणाकारातून आला आहे. अंदाज पाचने हलला, बेगमी तीन आठवड्यांची, म्हणून ऑर्डर पंधराने जास्त हलली. माल यायला लागणारा काळ जितका लांब, तितका हा गुणाकार मोठा. बारिलाकडे ऑर्डर दिल्यावर माल पोहोचायला आठ ते चौदा दिवस लागत. वितरकांकडे बहुधा आठवड्यातून एकदा ऑर्डर देण्याची साधी पद्धत होती आणि अंदाज बांधण्याची चांगली साधने फार थोड्यांकडे होती.

पुरवठा साखळीतल्या या वर्तनाचा पहिला नीट अभ्यास केला तो एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी. १९५८ मध्ये त्यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लेख लिहिला आणि १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हे पुस्तक काढले. म्हणून काही जण याला फॉरेस्टर परिणामही म्हणतात. त्याच संस्थेत वाढलेला ‘बिअर गेम’ हा खेळ आज जगभरच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत खेळला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू असतात. ग्राहकाची मागणी सुरुवातीचे चार आठवडे दर आठवड्याला चार पेट्या असते, पाचव्या आठवड्यात आठ होते आणि शेवटपर्यंत आठच राहते. पण हे फक्त किरकोळ विक्रेत्याला दिसते आणि खेळाडूंनी आपसांत बोलायचे नसते. तरीही कारखान्यापर्यंत जाताना ऑर्डरी बेफाम उसळतात. खेळ संपल्यावर ग्राहकाची मागणी कशी होती असे विचारले, तर मागच्या टोकाचे खेळाडू लाटांचे चित्र काढतात. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळाचे निकाल मांडले तेव्हा, संघांचा सरासरी खर्च आदर्श खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. त्यांनी दाखवलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपण मागवलेला पण अजून न आलेला माल खेळाडू हिशेबात पुरेसा धरत नाहीत. गोदाम रिकामे दिसते म्हणून पुन्हा मागवतात. मग आधीचा आणि नंतरचा सगळा माल एकदम दारात येऊन उभा राहतो.

माणसाचा हा दोष खरा आहे, पण फक्त त्यावर बोट ठेवून भागत नाही. हाऊ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन वांग या स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दोन लेख लिहिले आणि चर्चेची दिशाच बदलली. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक जण स्वतःपुरता पूर्ण तर्कशुद्ध वागला तरी हेलकावा होतोच, कारण व्यवस्थेचे नियमच तसे असतात. त्यांनी चार कारणे सांगितली : मागणीचा अंदाज ऑर्डरींवरून बांधणे, ऑर्डरी एकत्र साठवून देणे, किमतीतले चढउतार आणि टंचाईत माल वाटून देणे. पहिले कारण वरच्या गणितात दिसलेच. पुढची दोन कारणे बारिलाकडे अगदी ठळक दिसतात आणि तिथेच या प्रकरणाचे खरे शिक्षण आहे.

बारिलाने वर्षाचे दहा-बारा कालखंड पाडले होते, प्रत्येकी चार-पाच आठवड्यांचे. प्रत्येक कालखंडात काही मालावर सूट असे. त्या काळात वितरकाने हवा तेवढा माल सवलतीच्या दरात उचलायचा. सूट मालागणिक वेगळी, कुठे एक-दोन टक्के, कुठे आठ-दहा. शिवाय पूर्ण ट्रक भरून माल घेतला तर आणखी दोन-तीन टक्के. आपल्याकडच्या कुठल्याही घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. स्कीम लागली की माल भरून ठेवायचा आणि स्कीम संपली की हात आखडता घ्यायचा. वितरकाच्या दृष्टीने ते शहाणपणच आहे. पास्ता नाशवंत नाही, गोदामाचे भाडे तसेही भरायचेच आहे, मग पुढच्या महिन्याचा माल आजच स्वस्तात का घेऊ नये? पण त्याच्या या शहाणपणामुळे ऑर्डरींचा आणि ग्राहकाच्या खपाचा संबंध तुटतो. स्कीमच्या काळातली ऑर्डर पास्त्याच्या भुकेबद्दल काही सांगत नाही, सवलतीबद्दल सांगते.

यात कंपनीचे विक्री प्रतिनिधी भर घालत. त्यांचे बक्षीस त्या कालखंडातले टार्गेट पुरे करण्यावर अवलंबून होते. कालखंडाच्या शेवटी टार्गेट कमी पडत असेल, तर वितरकाला आणखी थोडा माल उचलायला गळ घातली जाई. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी तेल-साबणाच्या वा सिमेंटच्या डीलरला विचारले, तर महिनाअखेरीला फोन कसे खणखणतात ते तो सांगेल. अठ्ठावीस तारखेला गेलेला माल कंपनीच्या खात्यावर विक्री म्हणून दिसतो आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात डीलरच्या ऑर्डरी मंदावतात. मग ‘बाजार थंड आहे’ असे म्हणून पुन्हा नवी स्कीम काढली जाते. इथे हेलकावा कंपनी स्वतःच विकत घेत असते, तोही सूट देऊन. सगळ्या कारणांत हे कारण सर्वांत महाग आणि तरीही दूर करायला सर्वांत सोपे आहे. ते बहुतेक ठिकाणी तसेच चालू राहते, कारण ते बंद करण्याचा अधिकार विक्री विभागाकडे असतो आणि त्याचा भुर्दंड कारखान्याच्या खात्यावर पडतो.

चौथे कारण बारिलाच्या गोष्टीत फारसे नाही, पण त्याचा फटका सर्वांत जोराचा असतो. माल कमी आहे आणि कंपनी प्रत्येकाला मागणीच्या प्रमाणात वाटून देणार आहे, असे कळले की गिऱ्हाईक हवे त्याच्या दुप्पट मागते. निम्मेच मिळणार असेल, तर दुप्पट मागितल्यावर पुरेसे मिळते. नेटवर्किंगची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या ऑर्डरी २००० च्या तेजीत अशाच फुगल्या होत्या. तीच गरज भागवण्यासाठी अनेक ग्राहकांनी एकापेक्षा जास्त ठिकाणी ऑर्डरी नोंदवल्या होत्या. तेजी ओसरली तेव्हा त्या ऑर्डरी हवेत विरल्या आणि २००१ मध्ये सिस्कोला सुमारे २.२ अब्ज डॉलरचा साठा हिशेबातून काढून टाकावा लागला. यावर ली आणि सहकाऱ्यांनी सांगितलेला उपाय असा की, टंचाईत माल वाटायचा तो आजच्या मागणीच्या प्रमाणात नव्हे, तर मागच्या काळातल्या खऱ्या विक्रीच्या प्रमाणात. मग मागणी फुगवून काही पदरात पडत नाही. ऑर्डर फुकटात रद्द करता येणार नाही असा नियमही उपयोगी पडतो.

आता पुन्हा पार्म्याकडे. बारिलाचे ब्रांडो व्हिताली यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक योजना मांडली. तिला त्यांनी ‘जस्ट-इन-टाइम डिस्ट्रिब्युशन’ म्हटले. तिचे स्वरूप सरळ होते. वितरकाने ऑर्डर देणेच बंद करायचे. त्याऐवजी त्याने दररोज बारिलाला दोन गोष्टी कळवायच्या : आज गोदामातून दुकानांना कोणता माल किती गेला आणि आता किती शिल्लक आहे. त्यावरून किती माल कधी पाठवायचा ते बारिला ठरवणार. वरच्या गणिताच्या भाषेत सांगायचे, तर कारखान्याला १६१ आणि ४७ हे आकडे दिसणारच नाहीत. दुकानांकडे खरोखर किती माल गेला तेच थेट दिसेल.

योजनेची पुढची जबाबदारी लॉजिस्टिक्सचे प्रमुख जोर्जो माज्याली यांच्यावर आली आणि त्यांना दोन्हीकडून विरोध झाला. वितरकांना वाटले की साठा सांभाळणे हाच आपला धंदा आहे आणि कंपनी तोच काढून घेते आहे. आपले आकडे कंपनीच्या हाती गेले, तर आपण तिच्या मुठीत जाऊ, ही भीतीही होती. कंपनीतल्या विक्री विभागाचा विरोध मात्र जास्त कडवा होता. वितरकाचे गोदाम आपल्या मालाने भरले नाही, तर तिथे स्पर्धक कंपनीचा माल जाईल, असे त्यांना वाटे. स्कीमचा उपयोग संपेल, मग आम्ही काय विकायचे, हा त्यांचा दुसरा प्रश्न. त्यातल्या एका आक्षेपात तथ्य होते : पुरवठ्यात कुठे संप झाला किंवा अडथळा आला, तर वितरकाकडे आधाराला कमी साठा असेल.

माज्यालींनी बाहेरच्या वितरकांना पटवण्याचा नाद काही काळ सोडला आणि प्रयोग घरातच केला. छोट्या दुकानांना माल पुरवण्यासाठी बारिलाचे स्वतःचे डेपो होते. त्यातल्या फ्लॉरेन्सच्या डेपोवर ही पद्धत लावून पाहिली. साठा १०.१ दिवसांच्या विक्रीइतका होता, तो ३.६ दिवसांवर आला. त्याच वेळी दुकानांना हवा तो माल मिळण्याचे प्रमाण सुमारे ९९ टक्क्यांवरून ९९.८ टक्क्यांवर गेले. हे दोन आकडे एकत्र पाहायला हवेत. साठा कमी केला की टंचाई वाढते, असे सहसा गृहीत धरले जाते. इथे साठा तिपटीने कमी झाला आणि टंचाईही कमी झाली. कारण आधीच्या साठ्यातला मोठा भाग ग्राहकासाठी नव्हताच, तो साखळीने स्वतः निर्माण केलेल्या हेलकाव्याशी झुंजण्यासाठी होता. नंतर मिलानच्या डेपोवर हाच प्रयोग झाला आणि मग हे आकडे घेऊन बारिला वितरकांच्या वरिष्ठांकडे गेली. खरेदी अधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा पूर्ण गोदामाचा खर्च ज्याच्या डोळ्यांसमोर असतो, अशा माणसाशी बोलणे फळाला आले.

प्रॉक्टर अँड गँबल आणि वॉलमार्ट यांनीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच धर्तीची व्यवस्था सुरू केली होती, ज्यात दुकानातला साठा भरून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकाकडे असते. किमतीच्या बाबतीत याच कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक धाडसी पाऊल उचलले. घाऊक सवलती कापून बारा महिने एकच कमी दर ठेवला. काही व्यापारी नाराज झाले, पण भरून ठेवण्याचे कारणच नाहीसे झाले. ऑर्डरी साठवून देण्याच्या सवयीवरचा उपाय कमी गाजावाजाचा आहे : एकाच मालाचा पूर्ण ट्रक भरण्याची अट काढून, मिश्र मालाच्या पूर्ण ट्रकला तीच सूट द्यायची. ट्रक भरलेलाच जातो, पण प्रत्येक प्रकाराची ऑर्डर लहान आणि वारंवार होते.

माहिती सगळ्यांना दिली की बुलव्हिप संपतो, असे बऱ्याचदा बोलले जाते. ते खरे नाही आणि हे विद्यार्थ्यांनी गणितातूनच समजून घ्यावे. फ्रँक चेन, झ्वी ड्रेझनर, जेनिफर रायन आणि डेव्हिड सिमची-लेवी यांनी २००० मध्ये दाखवले की, वरच्यासारखा सरासरीवर चालणारा नियम असेल, तर ऑर्डरींचा प्रसरण (म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) आणि मागणीचा प्रसरण यांचे गुणोत्तर किमान एवढे असते :

1 + 2L/p + 2L²/p²

यात L म्हणजे माल यायला लागणारा काळ आणि p म्हणजे सरासरी किती आठवड्यांची घेतली तो आकडा. L दोन आठवडे आणि p चार आठवडे घेतले, तर एका टप्प्यावर गुणोत्तर अडीच येते. असे तीन टप्पे एकापुढे एक असतील आणि प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याच्या ऑर्डरी दिसत असतील, तर अडीचचा तीनदा गुणाकार होतो आणि उत्तर साडेपंधराच्या पुढे जाते. आता ग्राहकाची खरी मागणी तिन्ही टप्प्यांना दाखवली, तर गुणाकाराच्या जागी काळांची बेरीज येते. L सहा आठवडे धरायचा आणि उत्तर साडेआठ निघते. साडेपंधरावरून साडेआठ ही मोठी घट आहे. पण साडेआठ म्हणजे एक नव्हे. उरलेला भाग कमी करायचा तर माल पोहोचण्याचा काळच कापावा लागतो, किंवा सरासरी जास्त आठवड्यांची घ्यावी लागते. p चारऐवजी आठ केला, तर एका टप्प्याचे गुणोत्तर अडीचवरून सुमारे १.६ वर येते. अर्थात लांब सरासरीचा तोटा असा की, मागणीत खरा बदल झाला तर तो उशिरा लक्षात येतो.

एखाद्या साखळीत बुलव्हिप आहे की नाही, हे ओळखायची पद्धत याच गुणोत्तरातून येते. वितरकाच्या वर्षभराच्या नोंदींतून दोन रांगा काढायच्या : त्याने दर आठवड्याला किती विकले आणि किती मागवले. दोन्हींचे प्रसरण काढून दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. उत्तर एकाहून जास्त आले तर हेलकावा वाढतो आहे. इथे दोन चुका सहज होतात. महिन्याचे आकडे घेतले, तर आठवड्या-आठवड्यातला चढउतार त्या बेरजेत बुडून जातो आणि साखळी आहे त्यापेक्षा शांत दिसते. दुसरी चूक विक्री आणि मागणी एकच समजण्याची. ज्या आठवड्यात माल संपला होता, त्या आठवड्याची विक्री खरी मागणी सांगत नाही. ते आठवडे वेगळे खुणावून ठेवावे लागतात.

प्रत्येक साखळीत हे गुणोत्तर एकाहून मोठेच येईल, असेही नाही. जेरार्ड काशाँ, टेलर रँडल आणि ग्लेन श्मिट यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या उद्योगांचे आकडे तपासले. घाऊक व्यापारात बुलव्हिप स्पष्ट दिसला, पण किरकोळ व्यापारात सहसा दिसला नाही आणि बऱ्याच उत्पादन उद्योगांतही दिसला नाही. कारण तिथली मागणी मुळातच हंगामी आणि जोरात हलणारी असते आणि कारखाने आधीपासून थोडे थोडे उत्पादन करून तो चढउतार सपाट करतात. पास्त्यासारख्या संथ खपाच्या मालात असे सपाट करण्यासारखे काही नसते. तिथे ऑर्डरी उसळत असतील, तर त्याचे कारण ग्राहकात न शोधता स्कीमच्या कागदात, ट्रकच्या सवलतीत आणि विक्री प्रतिनिधींच्या टार्गेटच्या तक्त्यात शोधावे.